खातं हलवा, नंबर राहू द्या

ऑपरेटरबाईंना राग यायला फार वेळ लागत असे. एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डापुढे त्यांनी चौतीस वर्षं काढली होती, आणि त्या नोकरीत राग गिळणं हेच अर्धं काम होतं. पलीकडून कोणी शिव्या द्यायचं, कोणी हुंदके द्यायचं, कोणी नुसतंच "हॅलो, हॅलो" करत राहायचं. बाईंचं उत्तर एकच, "थांबा हं, जोडून देते." आणि त्या खरोखर जोडून देत. कटकट टाळण्यासाठी फोन भलत्याच विभागात ढकलून द्यायचा, ही युक्ती बोर्डावरच्या बाकीच्या मुली पहिल्याच वर्षी शिकल्या. बाईंनी ती कधीच केली नाही. त्यामुळे समोरचा माणूस आपल्याला जोडतोय की ढकलतोय, हे त्यांना आवाजावरूनच कळत असे.

इस्पितळात त्यांचं नाव कोणी घेत नसे. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या ऑपरेटरबाई. निवृत्त झाल्या, तरी पोस्टमन आणि दूधवाला तेच म्हणत राहिले. लग्न केलं नव्हतं. एक खोली, एक रेडिओ आणि महिन्याच्या एक तारखेला जमा होणारी पेन्शन, एवढ्यात त्यांचं सुखाने चाललं होतं.

मग दुसऱ्या शहरात राहणारी धाकटी बहीण न्हाणीघरात घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. धाकटीला नवरा नव्हता, मुलगा होता. पण त्याचं चष्म्याचं दुकान, तो सकाळी नऊला बाहेर पडायचा तो रात्रीच घरी. बाईंनी खोली सोडली, सामान टेम्पोत घातलं आणि रेल्वेने नऊ तासांवरच्या त्या शहरात येऊन राहिल्या. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बहिणीला उठवणं, चालवणं, गोळ्या देणं, घरखर्चात निम्मा वाटा देणं, हे सगळं आठ महिने बिनबोभाट चाललं.

अडचण आली ती हयातीच्या दाखल्याची.

बाईंची पेन्शन इस्पितळाच्या ट्रस्टकडून येत असे. ट्रस्टचे नियम जुन्या काळातले होते. पेन्शन घेणारी व्यक्ती जिवंत आहे असा दाखला वर्षातून एकदा द्यायचा, आणि त्यावर सही-शिक्का मारायचा तो जिथे खातं आहे त्याच शाखेच्या मॅनेजरने. महिनाअखेर दाखला पोचला नाही, तर एक तारखेपासून पेन्शन बंद. म्हणजे बाईंनी नऊ तास जायचं, नऊ तास यायचं, आणि तोवर काठीशिवाय दोन पावलं न टाकता येणाऱ्या बहिणीला एकटीला सोडायचं.

त्यांनी ट्रस्टच्या कार्यालयात फोन लावला. तिथला कारकून त्यांना ओळखत होता.

"बाई, सोपं आहे. खातं तुमच्या आत्ताच्या गावातल्या शाखेत हलवून घ्या. मग तिथल्या मॅनेजरची सही चालेल. फक्त एक करा, नंबर बदलू देऊ नका."

"बदलला तर?"

"तर नवीन नंबर विश्वस्तांच्या बैठकीत मंजूर व्हायला लागतो. बैठक तीन महिन्यांनी एकदा. परवाच झाली. त्या मेट्रनबाई आठवतात? त्यांनी न विचारता खातं बदललं, पाच महिने हात चोळत बसल्या. पुढे मिळालं सगळं, पण तोवर बांगड्या विकल्या."

विकण्यासारख्या बांगड्या बाईंकडे नव्हत्या. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पासबुक पिशवीत टाकलं आणि दहा वाजता शाखेचं शटर वर जाताना त्या दारात उभ्या होत्या. महिन्याची आठ तारीख होती.

शाखा कोपऱ्यावर, चपलांच्या दुकानाशेजारी. आत गेल्यावर डाव्या हाताला एक टेबल, त्यावर 'नवीन खाते' अशी पाटी, आणि पाटीमागे टाय लावलेला तिशीचा अधिकारी. हातात स्टेपलर. त्याला तो उगाच उघडबंद करायची सवय होती.

"या आजी, बसा. काय सेवा करू?"

"माझं बचत खातं तुमच्याच बँकेत आहे, पण दुसऱ्या शहरात. ते या शाखेत आणायचंय. बंद करायचं नाही आणि नंबरही बदलायचा नाही."

"हात्तिच्या! त्याच्यापेक्षा सोपं सांगतो. जुनं बंद करून टाका, इथं नवीन उघडू. वीस मिनिटांत काम. नवीन कार्ड, नवीन पासबुक, सगळं चकाचक."

"मला चकाचक नकोय, जुनंच हवंय. माझी पेन्शन त्या नंबरावर येते."

"पेन्शनवाल्यांना नवीन नंबर कळवायचा, झालं."

"झालं नाही. नंबर बदलला की माझी पेन्शन निदान तीन महिने थांबते."

स्टेपलर दोनदा उघडला, दोनदा मिटला. "पण आजी, तसं सिस्टिममध्ये नाहीच. दुसऱ्या शाखेचं खातं इकडे नाही येत."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. हा आवाज त्यांच्या चांगला ओळखीचा होता. डॉक्टर समोर चहा पीत बसलेले असताना 'सर राऊंडला गेलेत' म्हणून सांगणारा हा आवाज. तरी त्या "बरं," म्हणाल्या आणि उठल्या.

घरी आल्यावर त्यांनी जुन्या शाखेला फोन लावला. एकदा वाजत राहिला. दुसऱ्यांदा कोणी उचलून तसाच ठेवला. तिसऱ्यांदा चाळीस मिनिटं गाणं ऐकल्यावर एक मुलगी बोलली.

"होतं ना! खातं हलवता येतं. अर्ज जुन्या शाखेत द्या किंवा नव्या, कुठंही चालतो. पण तुम्ही इथंच आलात तर बरं होईल."

"अगं, मला तिथं येता आलं असतं तर हलवायचं कशाला?"

मुलगी हसली. "हो, तेही खरंच. मग तिकडेच द्या. खातं चालू आहे ना? वर्षानुवर्षं व्यवहार न झालेलं असेल तर आधी ते चालू करून घ्यावं लागतं."

"दर महिन्याला पैसे येतात, दर महिन्याला काढते."

"मग काही अडत नाही. ओळखपत्र न्या. आणि ओळखपत्रावर जुना पत्ता असेल, तर नवीन पत्त्याचा पुरावा न्या. लाइट बिल वगैरे."

"इथले साहेब म्हणतात, सिस्टिममध्ये नाहीच."

"सगळ्या शाखांना सिस्टिम एकच असते, आजी," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "मी सांगितलं असं म्हणू नका."

बाईंनी फोन ठेवला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. तो माणूस चुकला नव्हता, तोंडावर खोटं बोलला होता. आणि का, तेच कळत नव्हतं. अडवून ठेवण्यात त्याचा फायदा काय?

पुढचे बारा दिवस त्यांनी चार खेपा घातल्या. पहिल्या खेपेला सर्व्हर बंद होता. दुसऱ्या खेपेला, खातं हलवण्याचा फॉर्म संपलाय. "म्हणजे फॉर्म असतो तर! परवा तर म्हणालात, तसं काही होतच नाही," बाई म्हणाल्या. तो म्हणाला, "आजी, तुम्ही वकील होता का?" तिसऱ्या खेपेला तो जागेवरच नव्हता, खुर्चीवर कोट टांगून चहाला गेला होता, आणि तो कोट पाऊण तास बाईंकडे पाहत राहिला. चौथ्या खेपेला म्हणाला, "मॅनेजर मॅडम रजेवर आहेत. सोमवारी येतील. आणि आजी, खरं सांगू? तुम्ही उगाच ताणताय. नंबरला काय सोनं लागलंय का?"

त्या दिवशी बाई घरी आल्या त्या चपला न काढताच खुर्चीवर बसल्या. धाकटी भिंतीला धरून धरून पाण्याचा पेला घेऊन आली.

"ताई, राहू दे ना. जाऊन ये तिकडे. दोन दिवसांत मी मरत नाही."

"गेल्या महिन्यात मी भाजी आणायला खाली उतरले, अर्ध्या तासात तू स्टुलावर चढून डबा काढायला गेलीस. मी कुठेही जाणार नाही."

रात्री भाचा जेवायला बसला तेव्हा त्याच्या कानावर सगळं गेलं. हा चौतीस वर्षांचा, गोरागोमटा, गोड बोलणारा. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवून "साहेब, दहा वर्षांनी लहान दिसता" म्हणायची सवय घरातही सुटत नसे.

"मावशी, आधी नाही का सांगायचं? त्या साहेबांची आणि माझी चांगली ओळख आहे. दुकानाचं खातं त्याच शाखेत आहे. तू नको हेलपाटे घालू. पासबुक, चेकबुक, ओळखपत्र माझ्याकडे दे. मी करून आणतो."

बाईंचं मन भरून आलं. आयुष्यभर त्यांचं काम कोणी करून आणलं नव्हतं. त्यांनी सगळी कागदपत्रं एका पाकिटात घालून दिली, आणि त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, त्याने एक फाइल आणून जेवणाच्या टेबलावर ठेवली.

"घे मावशी. जिथं जिथं पेन्सिलने फुली मारलीय तिथं सह्या कर. उद्या देऊन टाकतो, विषय संपला."

बाईंनी चष्मा लावला.

"वाचायचं काय त्यात? नेहमीचंच असतं सगळं."

"नेहमीचं असतं तर मला पाठ असतं," बाई म्हणाल्या आणि वाचायला लागल्या.

पहिलाच कागद, खाते बंद करण्याचा अर्ज. वर त्यांचं नाव, खाली त्यांचा नंबर, बारीक सुंदर अक्षरात भरलेला. कारण: ग्राहकाची इच्छा. सोबत न वापरलेले चेक परत केले असं लिहिलेलं, आणि चेकबुक खरोखरच मागे टाचलेलं. दुसरा कागद नवीन खातं उघडण्याचा. तिसरा, जुन्या खात्यातली शिल्लक नव्या खात्यात टाका. फुल्या एकूण सात.

बाईंनी तिन्ही कागद परत पहिल्यापासून वाचले. मग चष्मा काढला.

"हे काय आहे?"

"तेच. तुझं खातं इथं आणतोय."

"हे माझं खातं मारतोयस तू. मी आठ तारखेपासून कंठशोष करतेय, बंद करायचं नाही, नंबर बदलायचा नाही. या घरात माझं बोलणं भिंतींना ऐकू जातं आणि तुला जात नाही?"

"अगं, शेवटी पैसे तेच ना! तीन महिने पेन्शन थांबली तर काय आभाळ कोसळणार आहे? मी आहे की. मी बघीन."

"तू काय बघशील? तुझ्या आईच्या गोळ्या गेल्या महिन्यात कोणी आणल्या? त्याच्या आधीच्या महिन्यात?"

भाच्याची मान खाली गेली. पण बाईंचं लक्ष आता कागदावरून हललं होतं. चौतीस वर्षं आवाज ऐकून ऐकून त्यांना एक कळत असे, की माणूस जास्त गोड बोलायला लागला की त्याच्यामागे दुसरी लाइन चालू असते.

"खरं सांग. तुला काय मिळणार आहे यात?"

"मला काय मिळणार? काहीतरीच!"

"सांगतोस, की दुकानात येऊन सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारू?"

तो उठला, परत बसला. मग एकदम भडकून बोलला, म्हणजे खरं बोलला. "डोळे तपासायच्या मशीनसाठी कर्ज मागितलंय मी. चार महिने फाइल पडून आहे. साहेब म्हणाले, घरातलं एखादं नवीन खातं आणा, म्हणजे मला पण वर बोलायला तोंड राहील. त्यांना महिन्याला अमुक इतकी नवीन खाती लागतात. हलवून आणलेलं खातं त्यात धरत नाहीत. मग मी काय करू? मशीन नाही म्हणून गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. तुझं काय, तुला कोणी विचारणारं नाही, तीन महिने थांबलीस तर..."

"पुढे बोल."

स्वयंपाकघरात नळ चालू होता. धाकटी काहीच धूत नव्हती, नुसतीच नळापाशी उभी होती.

"म्हणजे तुझ्या मशीनसाठी माझ्या पेन्शनचा नैवेद्य," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मागितलं असतंस तर साठवलेल्यातलं काढून दिलं असतं रे. फुल्या मारून सह्या घ्यायला निघालास? मी काय अंगठेबहाद्दर आहे? पाकीट दे माझं."

चेकबुकाची टाचणी त्यांनी स्वतः काढली. बोटाला लागली, तरी काढली.

त्या रात्री बाई पडल्या होत्या, पण झोप नव्हती. चीड येत होती ती एका गोष्टीची नव्हती. टायवाल्याने खोटं बोलावं, त्याचं समजू शकतं, तो परका. पण आपण पोळी वाढली होती. आणि वर आणखी एक पेच. पत्त्याचा पुरावा हवा होता. लाइट बिल धाकटीच्या नावावर. 'ही माझी बहीण माझ्या घरी राहते' असं तिने सही करून दिलं, तरच काम होणार. आणि ते तिच्याकडे मागायचं म्हणजे तिला मुलाच्या विरोधात उभं करायचं. हे बाईंच्याने झालं नसतं. सकाळी त्यांनी ठरवलं, बिल नसलं तर नसलं, तसंच जायचं आणि भांडायचं.

केस विंचरून त्या बाहेरच्या खोलीत आल्या, तर धाकटी खुर्चीवर तयार होऊन बसलेली. पायात बूट, हातात काठी, मांडीवर पिशवी.

"तू कुठं निघालीस?"

"लाइट बिल माझ्या नावावर आहे. ते काय एकटं चालत जाणार बँकेत?"

"अगं, त्याचं कर्ज..."

"त्याचं कर्ज त्याने फेडावं आणि त्यानेच मिळवावं. मला जिना उतरवतेस, की मी बसून घसरत येऊ?"

बत्तीस पायऱ्या. आठ महिन्यांत धाकटी एवढ्या पायऱ्या एका दमात उतरली नव्हती. खाली पोचेपर्यंत दोघींचे ब्लाउज घामाने पाठीला चिकटले. रिक्षात बसल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, भांड. पण डोळे वटारून बोलू नकोस, मला भीती वाटते." बाई म्हणाल्या, "तू खिडकीकडे बघ."

शाखेत टायवाला जागेवरच होता. दोघींना पाहून त्याचा चेहरा फुलला.

"या, या! सह्या झाल्या?"

"नाही झाल्या. हा माझ्या हाताने लिहिलेला अर्ज. माझं चालू खातं, आहे त्या नंबरासकट, या शाखेत हलवावं. हे ओळखपत्र. हे लाइट बिल, ही बिलाची मालकीण, आणि हे तिचं पत्र. घ्या आणि पोच द्या."

"आजी, मी सांगितलं ना, ते..."

"तर मग तसं लिहून द्या. 'या बँकेत खातं हलवता येत नाही.' खाली तारीख, सही, शिक्का. मी इथं बसलेय."

"असं लिहून देत नसतो आम्ही."

"का बरं? खोटं तोंडाने चालतं आणि कागदावर चालत नाही?"

रांगेतली माणसं वळून पाहायला लागली. पाणी पिणाऱ्या शिपायाने बाटली खाली ठेवली. टायवाला दबक्या आवाजात म्हणाला, "आवाज कमी करा. आणि भाच्याचा विचार करा जरा. त्याची फाइल आहे इथं."

एवढं पुरे झालं. चौतीस वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं. बाई उभ्या राहिल्या, आणि ज्या आवाजात त्या कधीकाळी अख्ख्या इस्पितळाला लाउडस्पीकरवरून हाका मारत त्या आवाजात म्हणाल्या, "मॅनेजर मॅडम! जिथं असाल तिथून बाहेर या! तुमच्या टेबलावर एक माणूस माझ्या भाच्याच्या कर्जाचं बुजगावणं करून मला घाबरवतोय!"

काचेचं दार उघडलं. मॅनेजर पन्नाशीच्या, केसांत पेन खोवलेलं, कपाळावर आठ्या. "काय चाललंय? काय हवंय यांना?"

बाईंनी चार वाक्यांत सांगितलं. तारखा सांगितल्या, कोणत्या खेपेला काय उत्तर मिळालं ते सांगितलं. मॅनेजर टायवाल्याच्या टेबलावर वाकल्या, स्क्रीन आपल्याकडे वळवला आणि बाईंचा नंबर विचारला. बाईंनी पासबुक न उघडता तो सलग म्हणून दाखवला.

"खातं चालू आहे. त्यावर कुठली बंदी नाही." मॅनेजरनी दोन-तीन कळा दाबल्या. "हा बघा पर्याय. खाते दुसऱ्या शाखेत वर्ग करणे. हे का नाही केलं?"

टायवाला लाल झाला. "मॅडम, टार्गेट... तुम्हीच म्हणाला होता, नवीन खात्यांचा आकडा..."

"मी आकडा म्हटलं होतं. लोकांची चालू खाती मारून आकडा आणा, असं म्हटलं होतं?" मग बाईंकडे वळून, जराशा नरमाईने, "त्याच्यामागेही वरून रोज फोन असतात हो."

"मग वरचा नंबर द्या मला. फोन लावून देते."

रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. मॅनेजरही हसणार होत्या, पण बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून थांबल्या.

"आणखी एक विचारायचंय," बाई म्हणाल्या. "माझ्या भाच्याच्या कर्जाचा आणि माझ्या खात्याचा काही संबंध आहे का?"

"काडीचाही नाही. कोण म्हणालं?"

टायवाला स्टेपलरकडे पाहत होता. मॅनेजरनी ते पाहिलं. मग म्हणाल्या, "कर्जाच्या त्या फाइली आजपासून माझ्या टेबलावर आणून ठेवा. सगळ्या."

अर्ज त्यांनी स्वतः घेतला. बाईंची सही जुन्या शाखेतल्या नोंदलेल्या सहीशी स्क्रीनवर ताडून पाहिली, पत्ता बदलून घेतला, टायवाल्याकडून नोंद करवली आणि मंजुरी स्वतः दिली.

"उद्यापरवापर्यंत इथं दिसेल. नंबर तोच, शिल्लक तीच, नामनिर्देशनही तेच राहील. बदलतो तो फक्त शाखेचा कोड. तेवढा ट्रस्टला कळवा. जुन्या कोडवर आलेले पैसेही बहुतेक जमा होतील, कारण नंबर एकच आहे, पण भरवशावर कशाला राहायचं? जुनं चेकबुक परत द्या, या शाखेचं नवीन मिळेल. तिकडे लॉकर आहे?"

"लॉकरात ठेवायला काय आहे माझ्याकडे!"

"बरं. मुदत ठेव असेल तर तिचा अर्ज वेगळा."

"तीही नाही. जे आहे ते एवढंच आहे. म्हणून तर घसा कोरडा करतेय."

बाईंनी चेकबुक टेबलावर ठेवलं आणि पोच हातात पडेपर्यंत उठल्या नाहीत. पोचेवर शिक्का पुसट उमटला होता. त्यांनी दुसऱ्यांदा मारायला लावला.

चोवीस तारखेला खातं या शाखेत आलं. पंचवीसला बाई हयातीचा दाखला घेऊन मॅनेजरसमोर उभ्या राहिल्या. मॅनेजरनी ओळखपत्र पाहिलं, समोर सही करून घेतली आणि आपली सही करता करता म्हणाल्या, "हयात आहात हे काय, सगळ्या शाखेने ऐकलंय." बाई हसल्या नाहीत. दाखला त्याच दिवशी कुरिअरने गेला, आणि सत्तावीसला ट्रस्टच्या कारकुनाने फोन केला, "बाई, दाखला आला, नवीन कोडही नोंदवला. नंबर तोच आहे ना? मग बैठकबिठक काही नाही."

भाच्याशी मात्र बाई बोलत नव्हत्या. ताट वाढत, पाणी ठेवत, पण तोंडातून शब्द नाही. बँकेत काय झालं ते त्याला आईने सांगितलं होतं. आपली फाइल आता मॅनेजरच्या टेबलावर गेलीय, आणि मावशीच्या खात्याने ती इंचभरही पुढे सरकली नसती, हेही. त्याने एकदा माफी मागितल्यासारखं काहीतरी पुटपुटून पाहिलं. बाई भांडी आवरत राहिल्या.

एक तारखेला सकाळी सव्वाअकराला बाईंच्या फोनवर निरोप आला. पेन्शन जमा. त्या जाऊन घरखर्चाचा वाटा आणि धाकटीच्या गोळ्यांचे पैसे काढून घेऊन आल्या. त्या दिवशी भाचा कधी नव्हे तो दुपारी जेवायला घरी आला होता. टेबलावर नोटा दिसल्या, तसा त्याचा चेहरा खुलला. तोच गोड आवाज परत आला.

"बघ मावशी, आली ना वेळेवर? एवढंसं तर काम. उगाच एवढं भांडलीस सगळ्यांशी."

बाईंनी नऊ दिवसांनी पहिल्यांदा त्याच्याकडे तोंड वर करून पाहिलं.

"भांडले म्हणून आली," त्या म्हणाल्या.

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. धाकटीने त्याच्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "जेव."